फुटबॉलचे बूट घेताना: लांबी, रुंदी आणि नंबराचा घोळ

रनिंगचा बूट आठ नंबरचा लागतो म्हणून फुटबॉलचाही आठच मागवला. घातल्यावर पुढे बोटं मोकळी, पळताना टाच उचलली जाते, आणि गंमत म्हणजे करंगळी तरीही दाबली जाते. मैदानावर नव्याने येणाऱ्या बहुतेक मुलांची तक्रार हीच असते. परभणी-नांदेडकडच्या पोरांना बूट घेऊन देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच येतं. त्यामुळे दुकानात कोण काय सांगतं आणि घरी आल्यावर काय होतं, हे दोन्ही पाहिलेलं आहे. हा लेख पहिल्यांदा स्टडचे बूट घेणाऱ्यांसाठी आणि आपल्या लेकराला ते घेऊन देणाऱ्या आई-बापांसाठी.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रनिंगमध्ये पाऊल सरळ पुढे जातं आणि लांब पळताना सुजतं. म्हणून त्या बुटात सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा सोडतात. फुटबॉलमध्ये तुम्ही सारखे थांबता, वळता, आडवे पळता. स्टड जमिनीत रुततो, बूट जागच्या जागी अडतो, पण आत जागा असेल तर पाऊल पुढे घसरतच राहतं. मग बोटं टोकाला आदळतात, नख काळं पडतं, टाचेला फोड येतात. म्हणून फुटबॉलच्या बुटात पुढे साधारण ५ मिमी जागा पुरते, आणि बाकी बूट मोज्यासारखा पावलाला चिकटून हवा. चिकटून म्हणजे दुखेपर्यंत नव्हे. अंग चोरून बसावं लागेल इतका आवळ बूट घालून कोणी चांगला खेळत नाही.

१. घरी माप घ्या

लागणारं सामान:

- दोन कोरे कागद (वहीचं पान लहान पडतं, ए-४ घ्या)
- टोकदार पेन्सिल
- मिमीच्या खुणा असलेली पट्टी
- शिंप्याची टेप
- खेळताना घालणार तेच मोजे

माप संध्याकाळी घ्या, जमलं तर सराव करून आल्यावर. सकाळी झोपून उठल्यावरचं पाऊल आणि दिवसभर उभं राहिलेलं पाऊल यांत फरक पडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर तो चांगलाच जाणवतो.

कागद भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवा. मोजे घालून टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप हमखास कमी भरतं, कारण भार पडला की पाऊल पुढेही पसरतं आणि बाजूलाही. खूण दुसऱ्याला करायला सांगा. तुम्ही स्वतः वाकलात की टाचेवरचा भार हलतो. पेन्सिल अगदी उभी धरायची. ती आत तिरकी झाली तर माप ३-४ मिमी सहज खोटं येतं, आणि अर्धा नंबर म्हणजे जेमतेम तेवढंच असतं.

सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यांनी तिथे करायची. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर मिमीत लिहा.

मग रुंदी. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो आणि करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरा. या दोन उंचवट्यांशी खुणा करून त्यांमधलं अंतर मोजा. ते तिरकं येईल, तसंच यायला हवं. नंतर याच दोन उंचवट्यांवरून शिंप्याची टेप पावलाभोवती फिरवून घेर घ्या. टेप आवळू नका, नुसती टेकवा.

दोन्ही पावलांचं माप वेगळं घ्या. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा ३-४ मिमी लांब असणं अगदी सर्रास आढळतं. बूट नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा. लहान पावलासाठी लेस आवळता येते, मोठ्यासाठी बूट ताणता येत नाही.

२. खोक्यावरचा नंबर वाचायला शिका

भारतात दुकानदार बोलतो तो नंबर यूके पद्धतीचा असतो. पूर्ण नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिमी वाढते, अर्ध्या नंबराने सव्वाचार. युरोपी नंबर (४०, ४१, ४२) पावणेसात मिमीच्या टप्प्याने चढतात. अमेरिकन नंबर यूकेपेक्षा पुढचा, पण किती पुढचा हे कंपनीवर आहे: नाइकी एक पूर्ण नंबर पुढे धरते, आदिदास अर्धा. परदेशातला नातेवाईक बूट आणणार असेल तर त्याला नुसतं ‘आठ’ सांगण्यात काही अर्थ नाही.

या सगळ्यापेक्षा कामाचा आकडा खोक्याच्या कोपऱ्यात आणि बुटाच्या जिभेच्या आत छापलेला असतो: सेंटिमीटरचा. कुठे तो २६ असा असतो, कुठे मिमीत २६०. हा बुटाच्या बाहेरच्या लांबीचा आकडा नाही. साधारण कोणत्या लांबीच्या पावलासाठी बूट बनवला, ते तो सांगतो. फुटबॉलसाठी तुमच्या मोठ्या पावलाचं माप वरच्या अर्ध्या सेंटिमीटरला न्या आणि तो आकडा शोधा. पाऊल २५.७ असेल तर २६.

यूके नंबर कंपनीगणिक कसा सरकतो ते इथेच कळतं. नाइकीच्या यूके ७ वर २६ छापलेलं असतं. आदिदासच्या यूके ७ वर २५.५ असतं आणि २६ साठी साडेसात घ्यावा लागतो. ‘मला सात लागतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कुठल्या कंपनीचा सात, हे सोबत आलं पाहिजे.

३. रुंदी: खरा घोळ इथेच होतो

बूट ज्या साच्यावर बनतो त्याला कलबूत म्हणतात. फुटबॉलच्या बुटाचं कलबूत रनिंगच्या बुटापेक्षा पुढच्या भागात अरुंद असतं, आणि बऱ्याच कंपन्या एका नंबरात एकच रुंदी काढतात. आपली पावलं मात्र त्या मापाची नसतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा रुंद असल्याचं पुढे आलं. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धतही सुचवली गेली. पण क्रीडासाहित्याच्या दुकानात अजून यूके नंबरच चालतो. त्यात आपल्याकडची गावाकडची पोरं लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वाढलेली, त्यांची बोटं छान पसरलेली असतात.

मग होतं असं की बूट लांबीला बरोबर बसतो आणि करंगळीच्या मुळाशी दाबतो. दुकानदार म्हणतो, “एक नंबर वरचा घ्या.” घातल्यावर बाजूचा दाब जातो आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं.

या सल्ल्याचा हिशोब मांडून पाहा. पूर्ण नंबर वाढल्यावर बुटाचा घेर ५-६ मिमी वाढतो, आणि तेवढ्यासाठी लांबी साडेआठ मिमी जास्त पदरात पडते. म्हणजे आधी ५ मिमी मोकळं होतं तिथे आता १३-१४ मिमी. शिवाय बूट जिथून वाकतो ती जागाही पुढे सरकते. पाऊल बोटांच्या मुळाशी वाकतं आणि बूट त्याच्या पुढे. पुढचे स्टड ज्या हाडांखाली यायला हवेत तिथे येत नाहीत. दाब गेला म्हणून दुकानात बरं वाटतं, पण वळताना पाऊल आत फिरतं.

रुंद पावलाला लांब बूट नको, रुंद बूट हवा. तो असा शोधायचा:

- वरचा भाग खऱ्या चामड्याचा. काही दिवसांच्या वापराने चामडं रुंदीला थोडं सैल होतं. सिंथेटिक फारसं सैल होत नाही. लांबीला दोन्हींपैकी काहीच वाढत नाही, कारण खालची प्लास्टिकची पट्टी ताणली जात नाही.
- रुंद मापाचं मॉडेल. काही कंपन्या, विशेषतः जपानी, ‘वाइड’ किंवा ‘२ई’ अशा खुणेचे बूट काढतात. गावात मिळत नाहीत, ऑनलाइन मिळतात.
- त्याच कंपनीचं दुसरं मॉडेल. वेगासाठी म्हणून विकले जाणारे बूट बहुधा सगळ्यात अरुंद असतात. चामड्याची जुन्या वळणाची मॉडेलं त्यांच्यापेक्षा मोकळी असतात.

बूट अरुंद आहे की नाही, हे न घालताही बरंचसं कळतं. आतलं सुटं तळवं बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेशी बरोबर ठेवा. पुढे साधारण अर्धा सेंटिमीटर तळवं दिसलं तर लांबी ठीक. बाजूने पावलाचं मांस थोडं बाहेर आलं तर चालतं, वरचा भाग ते सामावून घेतो. पण करंगळीच्या मुळाचं हाडच तळव्याच्या कडेबाहेर जात असेल तर तो बूट परत ठेवा. ते हाड खालच्या कडक पट्टीच्या काठावर येणार आणि दर सामन्याला तिथेच दुखणार. काही बुटांचं तळवं चिकटवलेलं असतं. ते ओढून काढू नका, पुढची घालून बघण्याची परीक्षा घ्या.

४. एक उदाहरण, आकड्यांसकट

आमच्याकडे डाव्या बगलेवर खेळणारा एक कॉलेजचा मुलगा आहे. उजवं पाऊल २५३ मिमी, डावं २५७. रुंदी १०२. रनिंगचा बूट यूके ८, खोक्यावर २७, आणि तो त्याला मस्त बसतो. त्याचं म्हणणं, “सर, मला आठच लागतो.”

हिशोब डाव्या पावलाचा धरला: २५७, म्हणजे २६ चा बूट. रनिंगच्या २७ पेक्षा पूर्ण एक सेंटिमीटर कमी. हे ऐकूनच त्याचा चेहरा उतरला.

त्याच कंपनीचा यूके ८ आधी घालून दाखवला. पुढे दीड सेंटिमीटरच्या आसपास मोकळं, आणि चवड्यांवर उभं राहिलं की टाच बाहेर. मग २६ चा, म्हणजे यूके ७. लांबी अगदी बरोबर, टाच पक्की, पण सिंथेटिकचा अरुंद बूट होता. करंगळीच्या मुळाशी वरचा भाग फुगून खालच्या पट्टीच्या बाहेर लोंबत होता. दुकानदाराने साडेसात काढला. त्यात दाब जरा कमी झाला, फुगवटा मात्र तसाच. म्हणजे अडचण रुंदीची होती आणि उपाय लांबीचा चालला होता.

शेवटी दुसऱ्या मॉडेलमधला चामड्याचा २६ घातला. पहिल्यांदा चवड्यापाशी सगळीकडून सारखा आवळ लागला, पण एका जागी टोचत नव्हतं आणि फुगवटाही नव्हता. हाच घेतला. कुठे आवळ लागतो यापेक्षा दाब पसरलेला आहे की एका बिंदूवर आहे हे विचारा. पसरलेला दाब चामडं काढून टाकतं, बिंदूवरचा दाब फोड आणतो.

५. दुकानात घालून कसं बघायचं

मोजे घरून न्या. दुकानातल्या पातळ मोज्यावर बसलेला बूट खेळायच्या जाड मोज्यात आवळ होतो. घोट्याला पट्टी बांधून खेळत असाल तर तीही बांधूनच बघा.

लेस पूर्ण सैल करून पाय घाला, टाच जमिनीवर हलकेच दोनदा आपटून मागे बसवा आणि मगच लेस बोटांकडून वर आवळत आणा. नुसता पाय कोंबून वरची गाठ मारली तर कुठलाच बूट नीट बसत नाही.

उभे राहून गुडघे थोडे वाकवा. बोटांची टोकं पुढे हलकी लागल्यासारखी वाटली तर चालेल, मुडपली गेली तर नाही. चवड्यांवर उभे राहा: टाच बुटासोबत उचलली जायला हवी. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे उड्या मारा आणि एकदम थांबा. पाऊल आत सरकलं तर तिथेच कळतं. पायरी असेल तर उतरून बघा, बोटं टोकाला आदळता कामा नयेत. मग चवड्यावर वरचा भाग चिमटीत धरा. सुरकुती हातात येत असेल तर बूट सैल आहे.

हे सगळं झाल्यावर बूट काढू नका. दहा मिनिटं घालून बसा, चहा मागवा. दोन मिनिटांत न जाणवणाऱ्या मुंग्या दहा मिनिटांत येतात. मुंग्या आल्या तर बूट बाद. दुकानदार “वापरून सैल होतात” म्हणेल. चामड्याच्या बाबतीत ते रुंदीपुरतं खरं आहे. सिंथेटिकच्या बाबतीत आणि लांबीच्या बाबतीत नाही.

६. ऑनलाइन मागवत असाल तर

सेलू, गंगाखेड, उदगीर असल्या ठिकाणी दुकानात दोन मॉडेलं आणि तीन नंबर मिळाले तर नशीब. म्हणून बरेच जण ऑनलाइनच घेतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘नंबर बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत मिळतील’ यांतला फरक ऑर्डर देण्याआधी वाचा. बदलून देताना वरचा नंबर शिल्लक नसेल तर तुम्ही अडकता. कंपनीच्या पानावरचा मापाचा तक्ता बघा. विक्रेत्याने सगळ्या बुटांना एकच तक्ता लावलेला असेल तर त्यावर भरवसा नको.

बूट आला की सतरंजीवर किंवा गादीवर घालून बघा. शहाबादी फरशीवर स्टड सटकतात, पडाल. आणि अंगणात एक फेरी जरी मारलीत तरी स्टडवर ओरखडे येतात, मग परत घेत नाहीत. खोकं, आतला कागद, चिठ्ठ्या, सगळं निर्णय होईपर्यंत जपून ठेवा.

७. आपलं मैदान आणि स्टड

हे मापाशीच जोडलेलं आहे. आपल्याकडची बरीच मैदानं मुरमाची किंवा काळ्या मातीची, दिवाळीनंतर दगडासारखी कडक होणारी. हिरवळीसाठीचे लांब स्टड (खोक्यावर एफजी) त्यात रुतत नाहीत, आणि प्रत्येक स्टडचा दाब उलट तळव्याला लागतो. जे बोट अरुंद बुटात नुसतं आवळलं असतं ते इथे दुखायला लागतं. अशा मैदानावर आणि टर्फवर बारीक रबरी दाण्यांचा टीएफ बूट बरा. त्यात खाली थोडी गादीही असते. फक्त, एकाच कंपनीचा एफजी आणि टीएफ एकाच नंबरात सारखा बसेल असं धरून चालू नका. पुन्हा घालून बघा.

८. वाढत्या मुलांसाठी

“दोन नंबर मोठा घे, पुढच्या वर्षीही होईल.” शाळेच्या बुटांना हे चालून जातं. स्टडच्या बुटात दोन नंबर म्हणजे १७ मिमी. त्यात लेकरू पळत नाही, बूट ओढत नेतं. वाढीसाठी म्हणून फार तर अर्धा नंबर जास्त घ्या, पुढची जागा १ सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजे. पैशाची ओढाताण असेल तर महागाचा मोठा बूट घेण्याऐवजी स्वस्तातला बरोबर मापाचा घ्या. संघात एकमेकांचे लहान झालेले बूट फिरवण्याची पद्धतही चांगली आहे, आमच्याकडे ती चालते. दर तीन-चार महिन्यांनी कागदावरचं माप पुन्हा घ्यायचं.

९. पहिले काही सराव

नवा बूट थेट सामन्यात घालू नका. आधी अर्धा-पाऊण तासाचे दोन-तीन सराव करा आणि पाय बघा.

टाचेला फोड आला आणि पुढे जागा असेल तर बूट लांब आहे. वरच्या शेवटच्या छिद्रातून लेस ओवून टाच जरा धरता येते, पण तो तात्पुरता इलाज. करंगळीच्या मुळाशी लाल गोल डाग दर वेळी त्याच जागी येत असेल तर बूट अरुंद आहे. त्या उंचवट्यासमोरचं एक छिद्र सोडून लेस ओवा. चामड्याचा बूट असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे कलबुतावर चढवून तेवढी जागा २-३ मिमी ताणून घेता येते. पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध दुखत असेल तर माप बरोबर असून लेस जास्त आवळलेली असू शकते. नख काळं पडलं तर आधी नखं कापलेली होती का ते बघा. वाढलेल्या नखांमुळे बरोबर मापाचा बूटही लहान वाटतो.

ताणण्यासाठी गरम पाण्यात बुडवणं, उन्हात वाळत घालणं हे प्रकार करू नका. मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेल्या बुटाचा डिंक सुटतो आणि तळ उघडतो. ओले झाले तर तळवं बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत ठेवा. बोळे दोन-तीन तासांनी बदला.